वडील २००५ च्या आधी वारले, बहिणीचं लग्नही जुनं. तरी वावरात हिस्सा किती? १२ एकरांचा हिशेब

आखाजीला बहीण माहेरी येते. दारात पाय धुतले जातात, पुरणपोळी होते, साडीचोळी होते. आणि हल्ली बऱ्याच घरांत दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ म्हणतो, "ताई, जरा तालुक्याला जाऊन येऊ. एक सही पाहिजे."

कसली सही, हे ताईला माहीत नसतं. भावालाही पुरतं माहीत नसतं. कुणीतरी सांगितलेलं असतं की बहिणीची सही घेतल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. पीककर्ज अडतं, विक्री अडते, भूसंपादनाचे पैसे अडतात. मनमाड ते इंदूर नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. हा मार्ग धुळे, नरडाणा, शिरपूर असा जातो. जिथे रूळ किंवा रस्ता येतो तिथे मोबदला येतो, आणि मोबदला आला की सात-बारावर कोण आहे आणि कोण नाही याची चौकशी सुरू होते. वीस-पंचवीस वर्षं ज्या विषयावर घरात कोणी बोललं नाही, तो विषय एका नोटिशीने ओट्यावर येतो.

या विषयावर गावात तीन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. पहिलं, "वडील २००५ च्या आधी गेले, मग बहिणीचा हक्क नाही." दुसरं, "तिचं लग्न ९४ च्या आधी झालं, ती कायद्यात बसत नाही." तिसरं, "आमची वाटणी केव्हाच झाली." पहिली दोन वाक्यं आज चुकीची आहेत. तिसरं काही घरांत खरं असतं, पण बहुतेक घरांत ते कागदावर टिकत नाही. कसं ते बघू.

ही तीन वाक्यं आली कुठून

गावातली माणसं ही वाक्यं मनाने रचून बोलत नाहीत. एके काळी ती खरी होती किंवा खरी मानली जात होती.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारस म्हणून जागा मिळाली. पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मापासून हक्क असणारा, म्हणजे सहदायाद, फक्त मुलगाच होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि मुलीलाही सहदायाद केलं. तिला एक अट होती. २२ जून १९९४ च्या आधी जिचं लग्न झालं, तिला हा लाभ नव्हता. "९४ च्या आधीचं लग्न" हे वाक्य तिथून आलं.

नंतर केंद्राची दुरुस्ती आली. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. तिच्यात लग्नाची अट नाही. मुलगी जन्मानेच सहदायाद, जसा मुलगा तसाच. लग्न १९८५ चं असो की २०१५ चं, फरक पडत नाही. त्यामुळे ९४ ची अट आता कोणी सांगत असेल तर तो जुना कायदा सांगतोय.

राहिला प्रश्न वडिलांच्या मृत्यूचा. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. पुढे २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या निकालात, वडील २००१ मध्ये वारलेले असूनही मुलींना हिस्सा मिळाला. दोन निकाल दोन दिशांना गेल्यामुळे खालच्या कोर्टांत गोंधळ उडाला. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात हा वाद मिटवला. मुलीचा हक्क तिच्या जन्मातून येतो, वडिलांच्या हयातीतून नाही. त्यामुळे २००५ च्या त्या दिवशी वडील जिवंत होते की नव्हते, हे बघायचं कारण नाही. आज हाच कायदा आहे.

एका घराचा हिशेब

कायद्याची भाषा डोक्यात बसत नाही, गुंठे बसतात. म्हणून एक घर धरू. नाव-गाव कोणाचं नाही, पण असं घर तुमच्या गल्लीत सापडेल.

आजोबांच्या आधीपासून चालत आलेली १२ एकर जमीन. वडील १९९८ मध्ये वारले. मागे आई, दोन मुलगे आणि दोन मुली. मोठीचं लग्न १९८८ ला, धाकटीचं १९९२ ला. जमिनीची वाटणी कधी झालीच नाही. दोघं भाऊ आपापला तुकडा कसतात, आई थोरल्याकडे राहते. मृत्युपत्र नाही.

जुन्या पद्धतीने हिशेब असा व्हायचा. वडील वारले त्या क्षणी वाटणी झाली असं समजायचं. आपल्याकडे वडील आणि मुलगे यांच्यात वाटणी झाली तर आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणून वडील, आई, दोन मुलगे असे चार वाटे, प्रत्येकी ३ एकर. मग वडिलांचे ३ एकर त्यांच्या पाच वारसांत, म्हणजे आई, दोन मुलगे आणि दोन मुलींत सारखे. ३ एकर म्हणजे १२० गुंठे, पाचांत वाटले की २४ गुंठे. प्रत्येक बहिणीला फक्त २४ गुंठे. भावाला आणि आईला मात्र प्रत्येकी ३ एकर २४ गुंठे.

ही रीत हवेतली नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगलीच्या कोर्टातून आलेल्या मगदूम घराण्याच्या खटल्यात हीच रीत पक्की केली होती. तिथे वडील १९६० मध्ये वारले होते, मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. त्या विधवेला वाटणीतला चौथा हिस्सा आणि वर नवऱ्याच्या हिश्श्यातला सहावा भाग मिळून २४ पैकी ७ हिस्से मिळाले. आपल्या भागातले जुने वकील अजूनही हाच हिशेब मांडतात तो यामुळे.

आता २०२० च्या निकालानंतरचा हिशेब. न्यायालयाने सांगितलं की वडील वारल्यावर "समजलेली" वाटणी ही फक्त त्यांचा हिस्सा मोजण्यापुरती असते. तिने घर खरोखर वाटलं जात नाही. भाऊ, आई आणि जमीन एकत्रच राहिली असेल, तर बहिणीही त्या एकत्र मिळकतीत जन्मापासूनच्या सहदायाद धरायच्या. म्हणजे वाटे चार नाहीत, सहा. वडील, आई, दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकी २ एकर. वडिलांचे २ एकर, म्हणजे ८० गुंठे, पाच वारसांत वाटले की १६ गुंठे. प्रत्येकाचा हिस्सा झाला २ एकर १६ गुंठे. पाच जणांचे मिळून बरोबर १२ एकर. पडताळून बघा.

बहिणीचे २४ गुंठे आणि २ एकर १६ गुंठे, यांत फरक १ एकर ३२ गुंठ्यांचा. दोघी बहिणींचे मिळून ३ एकर २४ गुंठे. भावाच्या बाजूने बघितलं तर ३ एकर २४ गुंठ्यांचा तो २ एकर १६ गुंठ्यांवर येतो. केळीच्या बागेत किंवा बागायती कपाशीत हा फरक वर्षाच्या घरखर्चाएवढा असतो. भांडण याच एकराचं आहे, म्हणून ते इतकं जिवावर येतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक घरं विसरतात. पुढे आई वारली आणि तिने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिचे २ एकर १६ गुंठे चारही मुलांत सारखे जातात, प्रत्येकी २४ गुंठे. मग चौघंही ३ एकरांवर येतात. आई ज्याच्याकडे राहिली त्याची ती जमीन होत नाही.

"वाटणी झाली" म्हणजे काय

तिसऱ्या वाक्यात खरा पेच आहे. कायद्याने एक तारीख ठरवली आहे, २० डिसेंबर २००४. त्या दिवसाच्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटणी झाली असेल, तर ती मोडता येत नाही. त्या दिवसाच्या आधी विकलेली जमीनही परत मागता येत नाही.

पण खान्देशात वाटणी होते कशी? पंच बसतात, बांध घालतात, नारळ फोडतात. कागद केला तर साध्या स्टॅम्पवर. अशी तोंडी वाटणी सांगून मुलीचा हक्क उडवता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे. पुढाऱ्यांच्या किंवा पंचांच्या साक्षी पुरत नाहीत. फक्त क्वचित, सरकारी कागदांचा भक्कम पुरावा असेल आणि घर खरोखर त्याप्रमाणे विभक्त झालेलं असेल, तरच कोर्ट तोंडी वाटणी मानू शकतं.

मग ज्यांच्याकडे १९९० च्या आसपासचा फेरफार आहे, सात-बारे वेगळे झाले आहेत, कर्ज वेगळं, खाती वेगळी, त्यांचं काय? त्यांच्याकडे सांगायला जागा आहे, पण हमी नाही. त्यात तहसीलदारांचा वाटपाचा आदेश असेल तर बाजू जड होते. नुसता फेरफार असेल तर कोर्ट खोलात जाईल. म्हणून तालुक्याच्या अभिलेख कक्षातून तो जुना फेरफार आणि त्याच्या मागचा अर्ज काढून वाचा. पुष्कळदा वरच्या ओळीत "वाटणी" लिहिलेलं असतं, आणि खाली पाहिलं तर ती वडिलांनी कर्जासाठी केलेली खातेफोड असते.

वारस नोंदीत नाव गाळलं तर

वडील वारल्यावर तीन महिन्यांत तलाठ्याकडे, आताच्या नावाने ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारसांची वर्दी द्यायची असते. नोंद लिहिली की हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. घरातला गोंधळ इथेच होतो. भाऊ प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावं लिहीत नाही, सुरतेला राहणाऱ्या बहिणीला नोटीस पोचत नाही, आणि नोंद मंजूर होऊन जाते.

इथे दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट नीट समजून घ्या. फेरफाराने हक्क तयार होत नाही आणि जातही नाही. सात-बारा ही सरकारची महसुलासाठीची नोंद आहे. नाव गाळलं म्हणून बहिणीचे २ एकर १६ गुंठे गेले नाहीत, आणि नाव लागलं म्हणून तिला अमुक बांधापासून तमुक बांधापर्यंत ताबा मिळाला असंही नाही. त्यासाठी वाटणीच करावी लागते.

तरी नोंद बघून ठेवावी, कारण नाव नसताना जमीन विकली गेली की पुढचं भांडण त्रयस्थाशी होतं. bhulekh.mahabhumi.gov.in वर मोबाइलवरून सात-बारा दिसतो. "आपली चावडी" या सरकारी पानावर गाव निवडलं की कोणत्या फेरफाराची नोटीस चालू आहे आणि हरकतीची शेवटची तारीख कोणती ते कळतं. मुदतीत लेखी हरकत दिली तर नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. मुदत गेली आणि नोंद मंजूर झाली, तर साठ दिवसांत प्रांताकडे अपील करता येतं. त्याहून उशीर झाला तर उशिराचं कारण देऊन माफी मागावी लागते.

माझ्या स्वतःच्या घरी वडील गेले तेव्हा मला एका ओळखीच्या माणसाने सल्ला दिला होता, "बहिणींची नावं टाकू नको, पुढे डोकं खातील." मी टाकली. मोठेपणा म्हणून नाही. आमच्या चुलत्याच्या घरी नावं गाळली होती. त्यांच्या आत्याने नंतर दावा केला आणि अकरा वर्षं ते वावर ना विकता आलं ना त्यावर कर्ज निघालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

सही कशावर करताय

बहिणीला हिस्सा नको असेल तर तो तिचा निर्णय. आपल्याकडे पुष्कळ बहिणी म्हणतात, "माले वावर नही जोयजे, माहेर राहू दे." हे बोलणं खरं असतं, पण कायद्याला ते ऐकू येत नाही. हक्क सोडायचा तर हक्कसोड पत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच लागतं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरीकडे केलेली सही, तलाठ्याकडे दिलेला संमतीचा कागद, पंचांसमोरचा जबाब, यांनी जमिनीवरचा हक्क सुटत नाही. भावाने अशा कागदावर विसंबून बोअर मारला, ठिबक केलं, आणि दहा वर्षांनी भाच्यांनी हिस्सा मागितला तर तो कागद त्याला वाचवणार नाही.

सही करणाऱ्या बहिणीने कागदात तीन गोष्टी वाचायच्या. गट नंबर कोणते, म्हणजे एकच वावर सोडतेय की घर, खळं, प्लॉट सगळंच. कोणाच्या नावे सोडतेय, एका भावाच्या की दोघांच्या. आणि रक्कम. पैसे मिळाले असतील तर खरा आकडा लिहिलेला असावा. "वारस नोंदीसाठी सही" सांगून हक्कसोड करून घेतलं असेल, तर ते फसवणुकीच्या कारणाने रद्द करायचा दावा लावता येतो. पण फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. आणि निबंधकासमोर फोटो, अंगठा दिल्यावर "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करणं जड जातं.

मृत्युपत्राचंही तसंच. वडिलांनी सगळी जमीन मुलांच्या नावे मृत्युपत्रात लिहिली, तरी वडिलोपार्जित जमिनीत ते फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतात. आपल्या उदाहरणात त्यांचे २ एकर मुलांकडे जातील, बहिणीचे स्वतःचे २ एकर तिचेच राहतील. जमीन वडिलांनी स्वतःच्या कमाईने घेतलेली असेल तर मात्र ते ती कोणालाही देऊ शकतात. मृत्युपत्र नसेल तर तिथेही मुलगा, मुलगी, आई सारखे वारस.

हा हिशेब कुठे लागत नाही

१९५६ च्या आधीच वडील वारले असतील आणि मागे विधवा राहिली असेल, तर त्यांच्या मुलीला या कायद्याने वारसा येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. बहीण स्वतः ९ सप्टेंबर २००५ च्या आधी वारली असेल, तर तिला सहदायाद धरलं जात नाही, हे २०१४ च्या पूर्णपीठाच्या निकालात आहे. मात्र तिच्या मुलांचा आजोबांच्या हिश्श्यातला वारसा वेगळा तपासावा लागतो.

आणि आपल्या भागासाठी मोठी गोष्ट. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा, कोकणी अशा अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा थेट लागू नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर त्यांना समान वारसा द्यावा, असं सांगितलं. पण आदिवासी घराचा हिशेब वरच्या १२ एकरांसारखा आपोआप मांडू नका.

कोर्टाच्या आधीचा रस्ता

सगळे राजी असतील तर महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. सर्व हिस्सेदारांची संमती लागते, म्हणजे बहिणींचीही. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला, त्यामुळे आता नोंदणीकृत कागद करायला खर्चाचं कारण उरलेलं नाही.

वाटणी म्हणजे वावराचे तुकडेच झाले पाहिजेत असंही नाही. २ एकर १६ गुंठ्यांऐवजी बहीण तिच्या हिश्श्याची किंमत घेऊ शकते, गावातला प्लॉट घेऊ शकते, किंवा कमी घेऊन बाकी हक्क सोडू शकते. अट एकच, आधी तिला तिचा आकडा माहीत पाहिजे. आकडा लपवून घेतलेली सही स्वस्त पडते, पण टिकत नाही.

राजी नसतील तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. हिस्सा नाकारल्याचं कळल्यापासून बारा वर्षांची मुदत धरली जाते, म्हणून "बघू नंतर" म्हणत बसू नका. स्त्रीला उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, नाहीतर तालुका कोर्टातल्या समितीकडे अर्ज द्यायचा. ज्यांचे जुने दावे चालू आहेत आणि ज्यात पहिला हुकूमनामा २४ गुंठ्यांच्या हिशेबाने झाला आहे, त्यांनी वकिलाला एवढंच विचारा, अंतिम हुकूमनामा झाला का? झाला नसेल तर हिस्से बदलून मागता येतात.

मोबदल्याच्या पैशांतही वाद असेल तर हिस्सेदारांत वाटप थांबतं आणि प्रकरण वरच्या प्राधिकरणाकडे किंवा कोर्टात जातं. वावर गेलेलं असतं, पैसे अडकलेले असतात. म्हणून पुढच्या आखाजीला ताईला तालुक्याला नेण्याआधी ओट्यावर बसून एक कागद घ्या. त्यावर गट नंबर, एकूण एकर, वडील कधी वारले आणि किती वारस, एवढं लिहा, भागाकार करा, आणि तो कागद आधी तिच्या हातात द्या.